आठ मीटर खोल म्हणजे किती खोल?

२०११ साली मराठवाड्यातल्या एका बारवेवर मी लेख लिहिला होता. बारवा बघत हिंडायचे, टिपणे काढायची आणि जमेल तिथे छापून आणायची, एवढाच माझा अभ्यास. पुरातत्त्वाची पदवी नाही, कोणी मार्गदर्शक नाही. लेख छापून आला, चार परिचितांनी बरा आहे म्हटले, आणि मी पुढच्या बारवेकडे वळलो.

दोनेक महिन्यांनी एक जाड लिफाफा आला. पाठवणारे गृहस्थ चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. खुब्याचे हाड मोडल्यामुळे ते वर्षभर घरातच होते. त्यांनी लिहिले होते, ‘आता ही बारव मला पाहता येणार नाही, म्हणून तुमच्या लेखावरून ती काढायला बसलो. पण काढता येईना. चूक माझी की तुमची ते कळवावे.’ सोबत आलेखाचा कागद होता. त्यावर एक सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणात सुरू केलेले आणि मध्येच सोडून दिलेले तीन आराखडे होते.

चूक माझीच होती. ती एक नव्हती, चार-पाच होत्या, आणि मी त्या ठिकाणी दोन दिवस राहून आलो असल्यामुळेच मला दिसल्या नव्हत्या. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जागा असते. आकडा चुकला तरी त्याचे चित्र बिघडत नाही. वाचणाऱ्याकडे मात्र आकड्याशिवाय दुसरे काहीच नसते. त्या चुका कोणत्या, त्या कशा ओळखायच्या आणि मोजमापे कशी लिहिली म्हणजे घरबसल्या वाचणाऱ्याला जागा उभी करता येते, हे या एकाच बारवेच्या आधाराने सांगतो.

मूळ लेखातला उतारा असा होता: ‘गावापासून पाऊण कोसावर महादेवाच्या देवळापाशी ही नंदा प्रकारची बारव आहे. तोंड सुमारे तीस चौरस फूट. वीस पायऱ्या उतरले की आठ मीटर खोलीवर एक टप्पा लागतो. तिथून आणखी नऊ पायऱ्यांनी तळ गाठता येतो. टप्प्यावर डावीकडे हातभर उंचीवर एक देवकोष्ठ आहे. दिवाळीच्या सुमारास तीन पुरुष पाणी असते.’ (शिल्पशास्त्रात बारवेचे प्रकार प्रवेशांच्या संख्येवरून सांगितले आहेत. एका बाजूने प्रवेश असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तिन्हीकडून जया आणि चहूकडून विजया.)

वाचताना हे ठीकठाक वाटते. पेन्सिल हातात घेतली की अडते.

गुरुजी पहिल्यांदा अडले ते ‘तीस चौरस फूट’ इथे. मला म्हणायचे होते तीस फूट चौरस, म्हणजे प्रत्येक बाजू तीस फुटांची. तीस चौरस फूट हे क्षेत्रफळ झाले. तेवढ्या चौकोनाची बाजू साडेपाच फूटही भरत नाही. एखाद्या न्हाणीघराएवढी जागा. तीस फूट चौरस जागेचे क्षेत्रफळ नऊशे चौरस फूट होते. दोन शब्दांची जागा बदलली आणि बारव तीसपट लहान झाली. मराठीत ही गफलत फार होते, कारण दोन्ही शब्दप्रयोग रुळलेले आहेत आणि कानाला सारखेच वाटतात. म्हणून आता मी ‘चौरस’ हा शब्द लांबीपाशी ठेवतच नाही. ‘तोंड चौकोनी, प्रत्येक बाजू ९ मीटर’ असे लिहितो. शब्द चार जास्त होतात, पण अर्थ एकच निघतो.

दुसरी अडचण ‘आठ मीटर’ची. गुरुजींनी साधा भागाकार केला होता. वीस पायऱ्यांत आठ मीटर उतरायचे, तर एकेक पायरी चाळीस सेंटिमीटर उंच हवी. म्हणजे जवळजवळ खुर्चीच्या बैठकीएवढी. ‘डोक्यावर भरली घागर घेऊन कोणती बाई अशा वीस पायऱ्या चढेल?’ असे त्यांनी समासात लिहिले होते.

मी जुनी वही काढली. मी टेप वरच्या पायरीच्या कडेला धरला होता आणि पायऱ्यांच्या कडांवरून टेकवत टप्प्यापर्यंत नेला होता. टेप आठ मीटरच दाखवत होता, पण ती खोली नव्हती, तिरकस अंतर होते. नंतर नीट मोजले तेव्हा पायरीची उंची सरासरी २४ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायची जागा ३२ सेंटिमीटर निघाली. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने एका पायरीचे तिरकस अंतर बरोबर ४० सेंटिमीटर होते. वीस पायऱ्यांचे तिरके अंतर ८ मीटर, आडवे ६.४० मीटर आणि उभे, म्हणजे खरी खोली, ४.८० मीटर. तिन्ही आकडे खरे आहेत. कोणता आकडा कशाचा, हे न लिहिल्यामुळे ४.८० मीटरच्या जागी ८ मीटर छापून गेले.

यातून एक पडताळा हाती लागला, तो मी आजही वापरतो. लेखातला प्रत्येक मोठा आकडा लहान आकड्याने भागून पाहायचा आणि जे उत्तर येईल ते माणसाच्या शरीराशी लावायचे. पायरी गुडघ्याएवढी निघाली, दार खांद्यापर्यंतच आले, देवकोष्ठ दोन पुरुष उंचीवर गेले, की कुठेतरी चुकले असे समजावे. असे बांधकाम क्वचित असतेही, पण असेल तर त्याचा वेगळा उल्लेख हवा.

उलट बाजूनेही फसगत होते. एकच पायरी मोजायची आणि तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणायचे, हा सोपा मार्ग वाटतो. या बारवेत सर्वांत वरची पायरी २७ सेंटिमीटरची आहे. तिला वीसने गुणले तर ५.४० मीटर येतात. खऱ्या खोलीपेक्षा ६० सेंटिमीटर जास्त. पायऱ्यांचे दगड हाताने घडवलेले, त्यातले काही झिजलेले, काही खचलेले. म्हणून आधी एकूण खोली ओळंब्याने मोजावी, मग पायऱ्यांच्या संख्येने भागावी आणि ‘सरासरी’ हा शब्द न चुकता लिहावा.

गुरुजींचे पत्र वाचल्यावर एप्रिल २०१३ मध्ये मी पुन्हा गेलो. बरोबर तीस मीटरचा टेप, ओळंबा, होकायंत्र आणि गावातल्या एका गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एका पातळीत राहते, त्यामुळे दूरच्या दोन जागांतला उंच-सखलपणा कळतो. गवंडी रोज वापरतात, पण बारवेच्या टिपणासाठी ती न्यावी हे मला दहा वर्षांत सुचले नव्हते.

काठाच्या चारही कोपऱ्यांवरून ओळंबा सोडून टप्प्यापर्यंतची खोली घेतली. ईशान्येला ४.८०, आग्नेयेला ४.७८, नैर्ऋत्येला ४.६९ आणि वायव्येला ४.७० मीटर. मग खोली नक्की किती? नळी लावून पाहिल्यावर टप्पा सपाट निघाला. काठच पश्चिमेकडे खचला होता. ‘काठापासून’ हा शब्दही पुरेसा नाही, काठाचे कोणते टोक तेही सांगावे लागते, हे तेव्हा कळले. ईशान्य कोपऱ्याचा दगड सर्वांत शाबूत होता. त्याचा माथा मी शून्य धरला आणि पुढची प्रत्येक खोली त्या एकाच शून्यापासून लिहिली. टप्पा ४.८० मीटरवर, दुसऱ्या जिन्याचा तळ ६.९६ मीटरवर. असे केले म्हणजे वाचणाऱ्याला मनात बेरजा-वजाबाक्या कराव्या लागत नाहीत, आणि एका मापातली चूक पुढच्या मापात उतरत नाही.

ही बाब फक्त बारवेपुरती नाही. लोणारच्या विवराचा व्यास कुठे १.८ किलोमीटर दिलेला आढळतो, कुठे १.२ किलोमीटर. वाचणाऱ्याला वाटते की एक लेखक चुकला. वास्तविक पहिला आकडा विवराच्या कड्याचा आहे, दुसरा आतल्या सरोवराचा. खोलीचेही तसेच. कड्यापासून सरोवरापर्यंत सुमारे १३७ मीटर सांगतात, पण कडा स्वतःच बाहेरच्या पठारापेक्षा साधारण वीस मीटर उचललेला आहे. पठारापासून मोजणाऱ्याचा आकडा तेवढ्याने कमी भरणार. ‘कुठून कुठपर्यंत’ हे लिहिले नाही तर बरोबर आकडेही एकमेकांशी भांडत बसतात.

तिसरी अडचण ‘तीन पुरुष पाण्या’ची. पुरुष हे विहिरीच्या खोलीचे आपले जुने माप. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्याचा जो दकार्गल अध्याय आहे, त्यातही पाणी किती खाली लागेल हे पुरुषांतच सांगितले आहे. पण बोलणाऱ्यागणिक पुरुष बदलतो. कोणी नुसती माणसाची उंची धरतो, म्हणजे १.६५ मीटरच्या आसपास. कोणी हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची धरतो, म्हणजे २.१० मीटर. पहिल्या हिशेबाने तीन पुरुष ४.९५ मीटर होतात, दुसऱ्याने ६.३० मीटर. या बारवेत हा फरक केवढा पडतो ते पाहा. पहिल्या हिशेबाने दिवाळीत वरच्या आठ पायऱ्या कोरड्या राहतात, दुसऱ्याने दोनच.

दुसऱ्या खेपेला मी प्रश्न बदलला. ‘पाणी किती असतं?’ असे न विचारता ‘दिवाळीला घागर बुडवायला किती पायऱ्या उतरावं लागतं?’ असे एका आजींना विचारले. त्या लगेच म्हणाल्या, ‘सहा. साव्या पायरीला पाणी लागतंच.’ सहा पायऱ्या म्हणजे शून्यापासून सुमारे १.४४ मीटर, तेव्हा पाण्याची खोली साडेपाच मीटर. तीन पुरुषांनी भागले तर गावातला पुरुष सुमारे १.८४ मीटरचा निघतो, पुस्तकातल्या कोणत्याच पुरुषाशी न जुळणारा. माप लोकांच्या वापरातल्या वस्तूवर घेतले की ते पक्के होते. पायरी तिथेच असते, पुरुष बदलतो.

याचा अर्थ जुनी मापे टाकून द्यावीत असा नाही. शिलालेखात, बखरीत किंवा एखाद्याच्या बोलण्यात हात, कोस, पुरुष आले असतील तर ते जसेच्या तसे ठेवावेत आणि शेजारी आजचे माप ‘सुमारे’ म्हणून द्यावे. हात म्हणजे चोवीस अंगुळे, साधारण ४५ सेंटिमीटर. ‘दोन हात’ याचे ९१.४४ सेंटिमीटर करू नयेत. मूळ सांगणाऱ्याने कोपरापासून बोटापर्यंत मोजले होते आणि आपण मिलिमीटर लिहितो, म्हणजे त्याच्या तोंडी नसलेला नेमकेपणा घालतो. ‘सुमारे ९० सेंटिमीटर’ हेच प्रामाणिक. आपल्या स्वतःच्या मापांना मात्र एकच पद्धत हवी. माझ्या पहिल्या उताऱ्यात सहा वाक्यांत कोस, फूट, मीटर, हात आणि पुरुष अशी पाच मापे होती. आता मी वाट किलोमीटरमध्ये, बांधकाम मीटरमध्ये आणि मीटरहून लहान वस्तू सेंटिमीटरमध्ये देतो, आणि लेख संपेपर्यंत ते मोडत नाही.

उरली ती ‘डावीकडे’. कोणाच्या डावीकडे? उतरणाऱ्याच्या की वर येणाऱ्याच्या? मूर्तिवर्णनात उजवा-डावा हात मूर्तीचा धरायचा असा संकेत आहे, म्हणून तिथे निभावते. वास्तूला असा संकेत नाही. गुरुजींच्या दोन आराखड्यांत देवकोष्ठ दोन वेगळ्या भिंतींवर होते, ते यामुळेच. दिशा लिहिली की हा प्रश्न मिटतो.

दुसऱ्या भेटीनंतर तयार झालेले टिपण असे आहे. पहिल्या उताऱ्याशी ताडून पाहावे.

‘गावच्या वेशीपासून बैलगाडीच्या वाटेने २.३ किलोमीटरवर महादेवाचे देऊळ आहे. देवळाच्या दक्षिणेला बारव. बारवेचे तोंड चौकोनी, प्रत्येक बाजू ९ मीटर. प्रवेश फक्त पूर्वेकडून. पूर्वेच्या बाजूला बाहेर निघालेल्या, २.१० मीटर रुंद आणि ६.४० मीटर लांब जिन्याने वीस पायऱ्या उतरून माणूस टप्प्यावर येतो. टप्पा शून्यापासून ४.८० मीटर खाली आहे. तिथे उभे राहिल्यावर काठ डोक्याच्या वर आणखी दोन माणसे उभी राहतील इतका उंच दिसतो. टप्पा चारही बाजूंनी १.४० मीटर रुंदीचा फिरतो, त्यामुळे आत प्रत्येक बाजू ६.२० मीटर असलेला चौकोन उरतो. पूर्वेच्या टप्प्यापासून पश्चिमेकडे आणखी नऊ पायऱ्या उतरतात आणि ६.९६ मीटरवर गाळात शिरतात. दक्षिणेच्या भिंतीत, टप्प्यापासून १.१० मीटर उंचीवर एक देवकोष्ठ आहे; ६० सेंटिमीटर रुंद, ७५ सेंटिमीटर उंच, ३५ सेंटिमीटर खोल, रिकामे. पायऱ्यांची उंची सरासरी २४ सेंटिमीटर. सर्व खोल्या ईशान्य कोपऱ्याच्या काठदगडाच्या माथ्यापासून. गाळाची पातळी एप्रिल २०१३ ची. गाळाखाली काय आहे ते मोजलेले नाही.’

यात शरीराशी तुलना एकदाच येते, टप्प्यावर. नुसत्या आकड्यांनी आराखडा निघतो, पण जागेचा दाब कळत नाही. नुसत्या ‘भव्य’, ‘खोल’ या विशेषणांनी दाब कळतो, आराखडा निघत नाही. जिथे वाचणारा मनाने उभा राहणार तिथे एक तुलना पुरते. प्रत्येक आकड्याला हत्ती-घोड्यांची उपमा जोडली तर तो आकडा वाचतच नाही.

हे टिपण मी गुरुजींना पाठवले. पंधरा दिवसांत आराखडा आला, वरून पाहिलेला आणि मधून कापलेला, दोन्ही. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: ‘तुमचा शून्य दगड उद्या कोणी उचलून नेला तर?’

तिसऱ्यांदा जाणे भाग पडले. या वेळी देवळाच्या उंबऱ्याच्या पूर्वेकडच्या टोकापासून शून्य दगडापर्यंतचे अंतर घेतले, १८.६० मीटर. दीपमाळेच्या चौथऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून दुसरे घेतले, १४.२५ मीटर. दोन पक्क्या जागांपासून दोन अंतरे दिली की हरवलेला बिंदू पुन्हा सापडतो. दोन टेप धरून दोन कमानी फिरवल्या की त्या जिथे छेदतात तिथे तो असतो. कमानी दोन ठिकाणी छेदतात, पण बारव दक्षिणेला आहे हे लिहिलेले असल्याने दुसरी जागा आपोआप बाद होते. नळीने उंचीही जोडली. शून्य उंबऱ्याच्या माथ्यापेक्षा ३५ सेंटिमीटर खाली. झाड, विजेचा खांब, शेताचा बांध अशा गोष्टी यासाठी घेऊ नयेत; त्या हलतात.

२०१९ च्या पावसाळ्यात बारवेची उत्तर भिंत कोसळली. ईशान्य कोपरा तिच्याबरोबर गेला, जिना ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि काठ कुठे होता तेही दिसेनासे झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात गावातल्या तरुणांनी बारव मोकळी करायचे ठरवले तेव्हा त्यांना धास्ती एकच होती, की खोदताना पहार टप्प्याच्या दगडांवर बसेल आणि उरलेलेही ढासळेल. त्यांच्याकडे माझे टिपण आणि गुरुजींच्या आराखड्याची झेरॉक्स होती. उंबऱ्यापासून आणि दीपमाळेपासून टेप लावून त्यांनी कोपऱ्याची जागा काढली, तिथे खुंटी ठोकली आणि उंबऱ्याशी नळी लावून तिच्यावर शून्याची खूण केली. चार मीटरपर्यंत फावड्या-टोपल्यांनी भराभर माती काढली. त्यापुढे खुरपी घेतली. खुणेपासून ४.८० मीटरवर सपाट दगड लागला. टप्पा शाबूत होता.

गाळ पुरता उपसल्यावर माझ्या तळाखाली आणखी चार पायऱ्या निघाल्या. बारवेत एकूण तेहतीस पायऱ्या आहेत, एकोणतीस नाहीत. टिपणात गाळाची पातळी तारखेसह लिहिलेली असल्यामुळे तो आकडा कोणाला खोटा ठरवावा लागला नाही. पुढे चार मिळवावे लागले, इतकेच.

गुरुजी तोवर राहिले नव्हते. त्यांच्या मुलीकडे तो आराखडा आहे. ती बारव त्यांनी कधी पाहिली नाही, पण टप्प्याचा दगड जिथे लागला तिथे तो त्यांच्या कागदावर आठ वर्षे आधीच काढलेला होता. खालच्या चार पायऱ्या मी त्यावर पेन्सिलने वाढवू का, असे तिला विचारले. ती म्हणाली, ‘वाढवा, पण तारीख टाका.’